शुभेच्छा द्यायच्या की माल विकायचा?

वाचकाचं पत्र

"तालुक्याच्या गावी आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता नवरा बघतो. लग्नानंतर दुकानाचा मोबाईल माझ्याकडे आला. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं मीच बघते. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एक बॅनर सगळ्यांना पाठवलं. वर लक्ष्मीचा फोटो, मध्ये शुभेच्छा, खाली 'माळा व कंदिलांवर 20% सूट'. एका जुन्या गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, 'वहिनी, या शुभेच्छा आहेत की जाहिरात?' मला फार लागलं ते. सासरे म्हणतात, सणाला नुसत्या शुभेच्छा द्या, त्यात धंदा आणू नका. नवरा म्हणतो, आपला धंदाच दिवाळीचा, तेव्हा नाही सांगायचं तर कधी? मला दोघांचंही पटतं. यंदा काय टाकू? आणि बाकीच्या सणांना काय करू?"

— दुकानाचा मोबाईल सांभाळणारी

उत्तर

त्या गिऱ्हाइकाला जाहिरातीचाच राग आला, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत गावातल्या बहुतेक घरांत कंदील टांगलेला असतो. माळा वसुबारसेच्या आसपासच लागलेल्या असतात. त्या वेळी 20% सूट म्हणजे उरलेला माल काढायचा आहे, हे कुणालाही कळतं. आणि ज्यानं चारच दिवसांपूर्वी तुमच्याच काउंटरवर पूर्ण पैसे मोजून माळ नेली, त्याला तो मेसेज कसा वाटला असेल? जुनं गिऱ्हाईक बहुधा आधीच येऊन घेऊन गेलेलं असतं. उशिरा येणाऱ्याला स्वस्त आणि नेहमीच्याला महाग, असा त्याचा अर्थ झाला. तोही लक्ष्मीच्या फोटोखाली, पूजेच्या वेळी.

वाटल्यास जुनी बिलं काढून बघा, या गृहस्थांनी दिवाळीआधी काही नेलं होतं का ते. माझा अंदाज खरा असेल तर शुभेच्छांची भाषा गोड करून काही साधणार नाही. सूट द्यायचीच असेल तर ती सुरुवातीला द्या, लवकर येणाऱ्याला. उरलेला माल सणानंतर कमी भावात काढायला हरकत नाही, पण ते पाटी लावून काउंटरवर करावं. शुभेच्छांच्या मेसेजमध्ये नको.

आता सासऱ्यांचं म्हणणं. नुसत्या शुभेच्छा द्या म्हणजे धंदा येत नाही, हे खरं नाही. दुकानाच्या नावानं दिलेली शुभेच्छा ही जाहिरातच असते आणि त्यात कमीपणा काही नाही. 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी दिवाळी अंकांची परंपरा चालत आली आहे, आणि आजही कुठलाही अंक उघडा, 'वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली पेढीचं नाव अशी पानं असतातच. कुणी त्यांना संधिसाधू म्हणत नाही. लक्ष्मीपूजन हा तर व्यापाऱ्याच्या वहीपूजनाचाच दिवस. दुसऱ्या दिवशीचा पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा, लोक त्या दिवशी खरेदीला बाहेरच पडलेले असतात. सण आणि धंदा यांच्यात सासरे म्हणतात तशी भिंत आपल्याकडे कधी नव्हती. त्यांनी स्वतः दुकानाच्या नावाची कॅलेंडरं वाटली असतीलच, विचारून बघा.

त्या कॅलेंडरात खरी गंमत आहे. ते वर्षभर स्वयंपाकघराच्या भिंतीवर का राहतं? तिथी बघायला लागते, गॅसचा नंबर लिहायला लागतो, दुधाचे खाडे मांडायला लागतात. दुकानाचं नाव तळाशी, बोटभर पट्टीत असतं आणि त्या पट्टीबद्दल कुणाची तक्रार नसते. उलट बारा महिन्यांत ते नाव घरातल्या पोरांनासुद्धा पाठ होतं. नाव लहान आणि उपयोग मोठा, हे प्रमाण तुम्हाला पोस्टमध्ये आणायचं आहे. तुमच्या बॅनरमध्ये उपयोगाचं काहीच नव्हतं. एक देवी, एक सुविचारासारखी ओळ आणि एक टक्केवारी.

नुसत्या शुभेच्छांची अडचण मात्र वेगळी आहे. त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर पोस्टर बनवणाऱ्या ॲपमधले तेच तेच दिवे येऊन पडतात. नगरसेवकाचे, पतसंस्थेचे, क्लासवाल्यांचे. तुमचं त्यांत मिसळून जातं, म्हणून नवऱ्याची घाई मला समजते. फक्त त्यांनी उपाय चुकीचा काढला. शुभेच्छा कुणी वाचत नाही म्हणून तिला सूट चिकटवली, तर वाचणारा तेवढी सूट वाचतो आणि शुभेच्छा खोटी पडते.

पोस्ट टाकण्याआधी मी दोनदा वाचायला सांगते. एकदा दुकानाचं नाव आणि भाव अंगठ्यानं झाकून वाचा. उरलं त्यात कुणाच्या काही कामाचं आहे का? मग सणाचं नाव झाकून वाचा. उरलेला मजकूर होळीलाही चालला असता आणि नाताळालाही, तर त्यात सण नावापुरताच आहे. तुमचं बॅनर दोन्हीकडे नापास होतं. पास होणारं काय, ते तुमच्याच दुकानात पडलेलं आहे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काउंटरवर लोक काय विचारतात ते आठवा. गेल्या वर्षीची माळ अर्धीच लागते. कंदिलात कुठला दिवा घालू? ही माळ बाहेर गॅलरीत चालेल का? प्लग तुटलाय, वायरीची टोकं काड्या खोचून सॉकेटमध्ये घातली तर? हे प्रश्न फक्त विजेच्या दुकानात येतात आणि फक्त दिवाळीत येतात. त्यांची उत्तरं हीच तुमची शुभेच्छा. मी लिहिली असती तर साधारण अशी:

> *पेटीतून गेल्या वर्षीच्या माळा काढल्या का? लावण्याआधी एवढं बघा.*
>
> *माळ प्लगमध्ये न घालता जमिनीवर पसरा आणि सगळी वायर हातातून फिरवा. कुठं चिरलेली किंवा उंदरानं कुरतडलेली असेल, तर ती माळ लावू नका. वायरीची उघडी टोकं काड्या खोचून सॉकेटमध्ये कधीच घालू नका. गॅलरीत लावणार असाल तर माळ बाहेरच्या वापराची आहे का, ते खोक्यावर बघा. कागदी कंदिलात जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब घालू नका, तो फार तापतो. 9 वॅटचा एलईडी जवळजवळ तेवढाच उजेड देतो.*
>
> *प्लग तुटला असेल तर वसुबारसेच्या आधी माळ दुकानात आणून द्या, नवा बसवून देऊ. दुरुस्त होण्यासारखी नसेल तर तसं स्पष्ट सांगू.*
>
> *तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.*
>
> *(दुकानाचं नाव, पेठ). लक्ष्मीपूजनाला दुकान दुपारी दोनपर्यंत उघडं.*

यात कुठंही 'खरेदी करा' नाही, भाव नाही, टक्केवारी नाही. तरी माळ कुरतडलेली निघाली तर माणूस नवी कुठून घेणार? कंदिलात 9 वॅटचा एलईडी घालायचं कळल्यावर तो दिवा कुणाकडे मागणार? आणि जो माळ घेऊन प्लग बसवायला आला, तो दुकानात उभा आहे, नजर फळीवरच्या नव्या माळांवर आहे. यापुढचं काम तुमच्या नवऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

'दुरुस्त होण्यासारखी नसेल तर तसं स्पष्ट सांगू' हे वाक्य काढू नका. सगळ्या पोस्टमध्ये विश्वास बसतो तो त्याच्यावर. मात्र ते पाळावं लागेल. प्लग बसवून पाच मिनिटांत चालणारी माळ 'ही गेली, नवी घ्या' म्हणून परत केली, तर गावात ते दोन दिवसांत पसरतं आणि मग कुठलीच पोस्ट कामाला येत नाही. म्हणून पाठवण्याआधी नवऱ्याशी आणि दुकानातल्या वायरमनशी बोला. ऐन गर्दीत प्लग बसवायला हात मोकळे आहेत का? नसतील तर ती ओळ गाळा किंवा 'दिवसभरात करून ठेवू, संध्याकाळी घेऊन जा' असं लिहा. वसुबारसेची मुदत त्याचसाठी घातली आहे. तेवढीही नसेल तर धनत्रयोदशीला काउंटरवर माळांचा गुंता पडेल आणि शिव्या तुम्हाला बसतील. दुकान किती वाजेपर्यंत उघडं, ही शेवटची ओळ तुम्हाला किरकोळ वाटेल. पण पूजेच्या दिवशी दुपारी फ्यूज उडाला की लोक तेवढीच ओळ शोधतात.

कुठल्याही धंद्याला हे असंच लागू होतं. दातांच्या डॉक्टरांनी दिवाळीला दिव्यांची आरास पाठवण्यापेक्षा दवाखाना कुठल्या दिवशी बंद आहे आणि कडक लाडवानं दाताचं सिमेंट निघालं तर तोवर काय करायचं, हे सांगावं. शिलाईवालीनं ब्लाउज शिवायला टाकण्याची शेवटची तारीख सांगावी. एखाद्याच्या कामाचा आणि सणाचा काहीच संबंध नसेल, समजा कर सल्लागार आहे, तर त्यानं दोन ओळींच्या शुभेच्छा देऊन थांबावं. ओढूनताणून 'करबचतीचा दिवा लावा' असलं काही करू नये. मी ते वाचलं आहे, म्हणून सांगते.

वेळ हा पोस्टचा अर्धा भाग. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन साधारण विसाव्या दिवशी येतं. यातल्या पहिल्या दहा दिवसांत विकायचं ते उघडपणे विका. नवा माल आला, कंदिलांचे नमुने आले, अमुक तारखेपर्यंत घेतलं तर एवढं कमी, हे सगळं सरळ जाहिरात म्हणून टाका. त्यात लाजायचं कारण नाही, कारण त्या दिवसांत लोक हीच माहिती शोधत असतात. नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच, की दिवाळीचा धंदा दिवाळीच्या आधी सांगायचा. मग वसुबारसेच्या आधीच्या शनिवारी रात्री वरची माळांची पोस्ट. रविवारी घरोघरी माळ्यावरून खोकी खाली येतात. मात्र शनिवार आणि वसुबारस यांच्यात दोन-तीन दिवस तरी राहतील, असं कॅलेंडर बघून ठरवा. नाहीतर आधीचा शनिवार धरा. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फक्त शुभेच्छा, दोन ओळी, दुकानाचं नाव. त्या संध्याकाळी काही नाही.

आणखी एक पोस्ट सुचवते, ती कुणीच टाकत नाही. बऱ्याच घरांत कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत, काही ठिकाणी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत असतो. तो उतरवायच्या सुमाराला माळ कशी गुंडाळून ठेवायची ते सांगा. मुठीत कोंबली की गुंता होतो आणि वायर आतून तुटते. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल गुंडाळून, प्लग वर ठेवून, कोरड्या जागी ठेवली की टिकते. फोटोसाठी तुमच्याच दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. त्या वेळी तुमच्याकडे विकायला काहीच नसतं हे सगळ्यांना दिसतं, म्हणूनच ही पोस्ट लक्षात राहते.

फोटोचं बोलायचं तर देवाचा फोटो भावाच्या आणि फोन नंबरच्या वर नको. काहींना ते सरळ खटकतं, आणि पोस्टर फोनमधून पुसताना कुणाला देवाचा फोटो पुसल्यासारखं वाटतं. ॲपमधलं बॅनरही नको. दुकानाच्या दारात टांगलेल्या कंदिलाचा फोटो संध्याकाळी, दिवा लागल्यावर, रस्त्याच्या बाजूनं काढा, पाटी थोडीशी दिसेल इतपत. गाव ती पाटी ओळखतं. माळांच्या पोस्टला वायर हातातून फिरवणारे हात दाखवा. ते दुकानातल्या वायरमनचे असतील तर त्यांना विचारून त्यांचं नावही लिहा. मालकाचा हात जोडलेला फोटो तेवढा टाळा, तो राजकारण्यांनी वापरून वापरून विटवला आहे. इन्स्टाग्रामवर मजकुराची पहिली ओळच दिसते, बाकीचा 'आणखी'मागे जातो. म्हणून 'दीपावलीच्या मंगलमय पर्वावर' अशी सुरुवात केलीत तर माळांचं कुणापर्यंत जाणारच नाही. पेटीतल्या माळांचा प्रश्न आधी, शुभेच्छा शेवटी.

पाठवताना बघायचं ते असं. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. ही अट अडचणीची वाटते, पण ती तुमच्या बाजूची आहे. ज्यानं नंबर ठेवला आहे त्याला दुकानाचं ऐकायचं आहे. बाकीच्यांना एकेक करून पाठवत बसू नका. बिलासाठी घेतलेला नंबर बिलासाठी दिलेला असतो. पुढच्या वेळी बिल करताना विचारा, 'दुकानाचे मेसेज पाठवले तर चालतील ना, आमचा नंबर ठेवता का?' हो म्हणेल तो यादीत. गटात कुणाला परस्पर घालू नका. पाठवल्यावर त्या मेसेजच्या माहितीत किती जणांना पोचला, किती जणांनी वाचला, ते दिसतं. पण खरी मोजणी काउंटरवर करा. माळ घेऊन कितीजण आले, याची एका कागदावर रेघ मारत जा. लाइकच्या आकड्यात गावाबाहेरची भावंडं आणि मैत्रिणीच जास्त असतात.

पाठवण्याआधी यादीवरून एकदा डोळे फिरवा. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे, तिथं दिवाळी नसते. गावात तुम्हाला ते माहीत असतं, मुंबईतल्या कंपनीला नसतं. ती नावं त्या दिवाळीपुरती वेगळी काढा. बिझनेस व्हॉट्सॲपमध्ये लेबल लावायची सोय आहे, ती याला उत्तम.

राहिले बाकीचे सण. सगळ्यांना पोस्ट टाकायची गरज नाही. ॲप रोज आठवण करतं म्हणून जागतिक अमुक दिवसही टाकणारी दुकानं असतात, त्यांच्या शुभेच्छा लोक न उघडताच पुढे सरकवतात. तुमच्या धंद्याला धरून तीन-चार दिवस निवडा. गणपतीत मखराची रोषणाई आणि मांडवातलं वायरिंग हा तुमचाच विषय आहे. गुढीपाडवा पूर्ण मुहूर्त, त्यात उन्हाळा तोंडावर आलेला. तेव्हा पंखे-कूलरची उघड जाहिरात आदल्या आठवड्यात करा आणि सणाच्या सकाळी नुसत्या शुभेच्छा. ईदेला तुमच्या मुसलमान गिऱ्हाइकांना 'ईद मुबारक' द्याल तर ती दरवर्षी द्या. ज्या वर्षी माल काढायचा असेल त्याच वर्षी दिली तर ते लगेच कळतं.

काही दिवसांना शुभेच्छाच नसतात. मोहरम आणि गुड फ्रायडे हे दुःखाचे दिवस आहेत, तरी दरवर्षी कुणीतरी 'हार्दिक शुभेच्छा' पाठवून हसं करून घेतं. 6 डिसेंबरला अभिवादन करतात. शिवजयंतीला आणि आंबेडकर जयंतीला नाव पूर्ण आणि मानानं लिहा, फोटोखाली फोन नंबर नको, आणि 19 फेब्रुवारी म्हणून 19% सूट असली कल्पना नवऱ्याला सुचली तर तिथंच थांबवा. या दिवसांबद्दल जराही शंका असेल तर काहीच टाकू नका. दुकानानं 6 डिसेंबरला पोस्ट का टाकली नाही, असं विचारायला कुणी येत नाही. चुकीची टाकली तर मात्र येतात.

यंदासाठी एक काम आजच करून ठेवा. एक वही काउंटरवर ठेवा आणि दसऱ्यानंतर लोक माळांबद्दल आणि कंदिलांबद्दल जे जे विचारतील, ते त्यांच्याच शब्दांत लिहायला नवऱ्याला सांगा. वर मी लिहिलेले प्रश्न अंदाजाचे आहेत. तुमच्या पेठेतले त्याहून वेगळे असतील, आणि पुढच्या दिवाळीची पोस्ट त्या वहीतूनच निघेल.